सहा वर्षं बोलणं नाही आणि आता ओळख मागायचीय, तर आधी काय करावं?

प्रश्न: मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल एक्सपोर्ट युनिटमध्ये क्वालिटीला आहे. आमचे जुने मर्चंडायझर सर सहा वर्षांपूर्वी परदेशी बायरसाठी माल घेणाऱ्या गुरुग्रामच्या एका बाइंग हाउसमध्ये गेले. इथं असताना रोजचं बोलणं होतं, नंतर काहीच नाही. त्यांच्या लग्नालाही जाणं झालं नाही. आता मला बाइंग हाउसच्या क्वालिटी टीममध्ये जायचंय आणि त्यांनी कुणाशी ओळख करून दिली तर काम होईल. पण एवढ्या वर्षांनी एकदम फोन केला तर "काम पडलं म्हणून आठवण झाली" असंच वाटणार ना? आधी थोडे दिवस नुसतं बोलत राहावं का?

उत्तर:

नुसतं बोलत राहू नका. मी सोलापूर आणि आसपासच्या टेक्सटाइल, गारमेंट युनिटांसाठी भरतीचं काम करते, त्यामुळं अशा ओळखींच्या दोन्ही बाजू मला कायम ऐकायला मिळतात. वरच्या पदावरच्या माणसांची यातली तक्रार ठरलेली असते. सोमवारी "सर कसे आहात" येतं, बुधवारी एखादा जुना फोटो येतो, शुक्रवारी "आमची आठवण येते का" येतं आणि पुढच्या सोमवारी बायोडेटा येऊन पडतो. बायोडेटा आला की माणूस मागचे तिन्ही मेसेज वर सरकवून पुन्हा वाचतो आणि आपल्याला गोड बोलून जवळ आणलं असं त्याला वाटतं. कामासाठी फोन आला याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही, काम लपवून जवळ आल्याचं वाटतं. म्हणून काम आहे हे पहिल्याच मेसेजमध्ये कळू द्या. फक्त त्या मेसेजमध्ये ओळख मागू नका.

ती का मागायची नाही, ते सांगते. सहा वर्षांच्या अबोल्यापेक्षा मोठी अडचण तुमच्या लक्षात आलेली नाही. त्या सरांच्या डोक्यात तुम्ही अजून सहा वर्षांपूर्वीचे आहात. कापडाचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं वजन, काढायला गोल कटर फिरवणारा, वजन काट्यावर बघून वहीत लिहिणारा, काही अडलं की "सर, हे पास करू का" म्हणत त्यांच्या टेबलापाशी येणारा मुलगा त्यांना माहीत आहे. आज तुम्ही अख्ख्या लॉटचा निर्णय घेता की नाही, बायरच्या माणसासमोर उभं राहून बोलता की नाही, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नाही. ओळख करून देताना ते तुमच्याबद्दल बोलतील, पण पणाला त्यांचं नाव लागेल. जो माणूस आज काय काम करतो हे माहीत नाही त्याच्यासाठी कुणी शब्द टाकत नाही. तुमच्यावर राग असतो असं नाही, सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतं. मग ते "बघतो, कळवतो" म्हणतात आणि तुम्हाला वाटतं, लग्नाला गेलो नाही ते मनात ठेवलं.

जुना विश्वास मात्र बऱ्यापैकी शिल्लक असतो. यावर अभ्यासही झाला आहे. लेव्हिन, वॉल्टर आणि मर्निघन या अमेरिकेतल्या तीन प्राध्यापकांनी 2011 साली एक संशोधन प्रसिद्ध केलं. नोकरी करता करता एमबीए करणाऱ्या मोठ्या पदांवरच्या लोकांना त्यांनी सांगितलं की किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या जुन्या ओळखीच्या माणसाला गाठा आणि हातातल्या कामाबद्दल सल्ला विचारा. आधी बरेचजण कचरले. प्रत्यक्षात मिळालेला सल्ला रोजच्या संपर्कातल्या माणसांच्या सल्ल्याइतकाच उपयोगी निघाला, आणि नवं काही कळण्याच्या बाबतीत त्याहून सरस. कारण सरळ आहे. मधल्या वर्षांत तो माणूस वेगळ्या जागी, वेगळ्या लोकांत वावरलेला असतो आणि पूर्वी एकत्र काम केल्यामुळं मोकळेपणानं बोलतो. लक्षात घ्या, त्या लोकांनी सल्ला विचारला होता. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

मेसेज लिहिण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा. ते सर अजून त्याच बाइंग हाउसमध्ये आहेत का, हे बघा. लिंक्डइनवर कळेल, नाहीतर तुमच्या डिस्पॅचला किंवा अकाउंट्सला कुणीतरी जुना माणूस असेलच ज्याच्याकडे त्यांचा चालू नंबर आहे. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि ती बहुतेक जण बघत नाहीत. त्यांचं बाइंग हाउस तुमच्याच युनिटकडून माल घेतं का? घेत असेल तर सगळं गणित बदलतं. ज्या पुरवठादाराकडून माल घ्यायचा त्याचीच माणसं उचलायची नाहीत, असा अलिखित आणि काही ठिकाणी लिखित नियम असतो. अशा वेळी तुमची शिफारस करणं त्यांना अडचणीचं जातं, आणि गोष्ट तुमच्या मालकांच्या कानावर गेली तर तुम्हालाही. तसं असेल तर त्यांच्याकडे त्यांच्या हाउसमधली जागा मागूच नका. या क्षेत्रातल्या इतर ठिकाणांबद्दल फक्त सल्ला घ्या, आणि हे तुम्हाला माहीत आहे हे त्यांना सांगूनही टाका. अवघड गोष्ट आपण होऊन बाजूला ठेवली की समोरचा मोकळा होतो.

आता सोलापूरची म्हणून एक गोष्ट. आपल्याकडे कुणाचं घर कुठं आहे हे कुणीतरी सांगतंच. सरांचे आईवडील इथंच असतील, मेहुणे नवी पेठेत दुकानात बसत असतील, आणि तुमच्या घरातले म्हणतील, "जा की, आईंना भेटून ये, त्याच सांगतील त्याला." हे करू नका. माझ्या पाहण्यातला एक सुपरवायझर असाच जुन्या मॅनेजरच्या सासऱ्यांकडून बोलणं लावून गेला. मॅनेजरनं सासऱ्यांच्या शब्दाखातर इंटरव्ह्यू लावून दिला, पण ज्याच्याकडे पाठवलं त्याला खासगीत सांगितलं की घरच्यांमुळं पाठवलंय, तुमचं तुम्ही बघा. ते वाक्य माझ्यापर्यंत आलं, त्या सुपरवायझरपर्यंत कधीच आलं नाही. घरच्यांकडून गेलेलं काम नाही म्हणता येत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला वजन नसतं. नंबर मिळवण्यापुरती मध्यस्थाची मदत घ्या, बोलणं तुमचं तुम्हीच करा.

वेळेचंही बघायला हवं. तुमच्या मनात असेल की संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्तानं मेसेज टाकावा, किंवा सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, ते गावी आले की गाठावं. होम टेक्सटाइलमधल्या माणसासाठी नेमका तोच काळ वाईट असतो. जर्मनीत फ्रँकफर्टला दरवर्षी जानेवारीत हाइमटेक्स्टिल हे मोठं प्रदर्शन भरतं. 2025 साली ते 14 ते 17 जानेवारीला होतं, म्हणजे इकडं गड्डा भरला असताना. ते सर स्वतः तिकडं गेले असतील, नाहीतर गेलेल्या साहेबांना रात्री सॅम्पलची माहिती पुरवत बसले असतील. त्यात संक्रांतीच्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर शुभेच्छांचा ढीग पडतो, त्यात तुमचा मेसेज सापडायचाही नाही. गड्ड्यात समोरासमोर भेट झालीच तर लेकराबाळांची चौकशी करा, नंबर बरोबर आहे का विचारा आणि थांबा. महिनाअखेरचे शिपमेंटचे दिवसही टाळा. महिन्याच्या सुरुवातीच्या आठवड्यातली एखादी संध्याकाळ बरी.

पहिला संपर्क मी मेसेजनंच करायला सांगते. एकदम फोन आला तर समोरच्याला नाव आठवण्यापासून सुरुवात करावी लागते आणि तोंडून काहीतरी घाईचं उत्तर निघतं. मेसेज त्यांना सवडीनं वाचता येतो. तुमच्या जागी मी असते तर साधारण असं लिहिलं असतं. आठवण अर्थातच तुमची खरी घाला, ही मी नमुन्यापुरती धरली आहे:

"नमस्कार सर. मी आपल्या टॉवेल युनिटमधला क्वालिटीचा" आणि पुढं तुमचं पूर्ण नाव. "परवा एका लॉटमध्ये शेडचा फरक आला तेव्हा तुमची आठवण झाली. नेव्ही ब्लूच्या ऑर्डरला तुम्ही रात्री गोडाउनमध्ये बसून शेडप्रमाणे पेट्या वेगळ्या करायला लावल्या होत्या, ती पद्धत आम्ही अजून वापरतो. तुमच्या लग्नाला येणं झालं नाही आणि नंतर फोनही केला नाही, ते राहूनच गेलं. गेली तीन वर्षं फायनल इन्स्पेक्शन माझ्याकडे आहे. पुढं बाइंग हाउसच्या क्वालिटीकडे जावं का, असा विचार चाललाय. त्याबद्दल तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलायचं होतं. घाई नाही, तुमच्या सोयीनं. सध्या कामाची गडबड असेल तर नंतर कधीही चालेल. घरी सगळ्यांना नमस्कार."

यातली आठवण कशी निवडायची ते बघा. "आपण किती मजा करायचो" हे कुणीही कुणालाही लिहू शकतो. नेव्ही ब्लूची ऑर्डर, गोडाउन आणि शेडप्रमाणे लावलेल्या पेट्या हे तुम्हा दोघांनाच माहीत असतं. वाचताक्षणी त्यांना ती रात्र दिसते, तुमचा चेहरा दिसतो, आणि त्यांनी शिकवलेलं अजून टिकून आहे हेही कळतं. शिवाय शेडचा फरक लाइट बॉक्समध्ये बघून पेट्या वेगळ्या करणं हे क्वालिटीचंच काम, त्यामुळं आठवण आणि पुढचा विषय आपोआप जोडला जातो. आठवण खोटी किंवा फुगवलेली मात्र नको. "तुमच्यामुळंच मी आज इथं आहे" असं लिहिलंत तर पुढचं मागणं त्यांना आधीच ऐकू येईल.

लग्नाचं एका वाक्यात संपवलंय, तेही मुद्दाम. सहा वर्षांच्या गप्प राहण्याची कारणं सांगायला बसलात, आजारपण, घरच्या अडचणी, नंबर हरवला, तर समोरच्याला तुमची समजूत घालावी लागते. पहिल्याच मेसेजला त्यांच्यावर हे ओझं टाकू नका. एवढ्या वर्षांत त्यांनीही फोन केलेला नाही, तेव्हा त्यांच्या मनातही थोडा संकोच असणारच. नेमकं आणि थोडक्यात कबूल केलं की दोघांचाही संकोच मिटतो.

आणि "गेली तीन वर्षं फायनल इन्स्पेक्शन माझ्याकडे आहे" हे वाक्य साधं दिसतं, पण सगळ्या मेसेजचं खरं काम तेच करतं. सहा वर्षांपूर्वीचं चित्र तिथं बदलायला लागतं.

उत्तर आलं आणि फोन ठरला, तर तो ठरलेल्या वेळीच करा आणि पंधरा मिनिटांनंतर "सर, वेळ झाली, तुम्हाला घाई आहे का" असं आपण होऊन विचारा. सुरुवातीला त्यांचं विचारा: आता कुठल्या मालाचं काम बघतात, पानिपत-करूरकडे फिरती असते का, सोलापूरचा माल कुणी घेतं का. हे ऐकताना तुम्हालाही कळतं की ते नेमके कुठल्या बाजूला आहेत. मर्चंडायझिंगमधला माणूस क्वालिटीच्या भरतीत थेट बोलू शकेलच असं नाही. क्वालिटीचे प्रमुख वेगळे असतात आणि ओळख शेवटी त्यांच्याशीच हवी असते.

मग तुमचा प्रश्न विचारा. तो असा हवा की ज्याचं उत्तर त्यांच्यासारख्या आतल्या माणसालाच देता येईल. "काही चान्स आहे का सर?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे आणि ते बहुतेक वेळा नाही असतं. त्याऐवजी असं विचारा: "माझा हात फायनल इन्स्पेक्शनवर बसलाय. जीएसएम, मापं, शेड, पाइल ओढला गेलेला, शिलाई हे सगळं मी एक्यूएल 2.5 ला बघतो. पण विव्हिंग आणि डाइंग चालू असताना इनलाइन तपासणी मी फारशी केलेली नाही. तुमच्याकडच्या क्वालिटीत घेताना हे आडवं येतं का? आणि रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो तो किती तपशिलाचा असतो?" या प्रश्नात तुम्ही काय करता ते सगळं सांगून झालं, स्वतःची स्तुती न करता. कमी कुठं आहे हेही सांगितलं. अनुभवी माणसाला यावरून लगेच अंदाज येतो की समोरचा काम जाणतो. तुमच्या युनिटच्या बायरची नावं, दर, कुठल्या ऑर्डरला क्लेम आला असलं काही मात्र बोलू नका. ते विचारणारही नाहीत, पण उत्साहात निघून जातं. आजच्या मालकाची माहिती सैल सोडणारा माणूस उद्या आपलीही सोडेल, हे क्वालिटीतल्या लोकांच्या फार लवकर लक्षात येतं.

त्याच फोनवर ओळख मागायची का? त्यांनी आपण होऊन "बायोडेटा पाठव, मी बोलतो" म्हटलं तर अर्थातच त्याच रात्री पाठवा. नाही म्हटलं तर थांबा. त्यांनी जे सुचवलं असेल ते करून बघा. समजा ते म्हणाले की इनलाइनचा अनुभव आधी घे, तर तुमच्या मॅनेजरना विचारून डाइंगच्या बाजूला काही आठवडे उभं राहायला मिळतं का बघा. रिपोर्टबद्दल बोलले तर दोन-तीन सराव रिपोर्ट लिहा, बायरचं नाव न घालता. मग तीन-चार आठवड्यांनी कळवा की सर, तुम्ही सांगितलं ते केलं आणि त्यात हे हे कळलं. ओळख मागायची जागा ही आहे. आता त्यांच्याकडे तुमच्याबद्दल सांगायला काहीतरी ताजं, स्वतः पाहिलेलं आहे. "मी सांगितलं आणि पोरानं करून दाखवलं" एवढं त्यांना पुढच्या माणसाला सांगता येतं, आणि माझ्या अनुभवात या वाक्यावर इंटरव्ह्यूला बोलावणं येतंच येतं असं नाही, पण बायोडेटा उघडून तरी वाचला जातो.

मागताना दोन गोष्टी करा. नाही म्हणायला वाट ठेवा: "तुमच्या टीममधल्या किंवा ओळखीतल्या क्वालिटीच्या कुणाशी माझी ओळख करून देणं तुम्हाला योग्य वाटतं का? नसेल तर अगदी मोकळेपणानं सांगा, तुमच्या सल्ल्याचा मला तसाही उपयोग झालाय." हे नुसतं म्हणण्यापुरतं नको, नाही आलं तर खरंच विषय सोडायची तयारी हवी. दुसरं, त्यांना जसाच्या तसा पुढं पाठवता येईल असा पाच-सहा ओळींचा मजकूर वेगळ्या मेसेजमध्ये द्या: कुठल्या मालात किती वर्षं, आज कशाची जबाबदारी, इनलाइनचं काय केलं, फिरतीची तयारी आहे का, नोटीस किती दिवसांची. "सर तुम्ही काहीतरी लिहून द्या" म्हटलं की काम त्यांच्यावर पडतं आणि मग ते राहतं. हा मजकूर इंग्रजीत लिहा, कारण तो गुरुग्राममधल्या अमराठी माणसापर्यंत जाणार आहे. तुमचं इंग्रजी किती चालतं हेही त्यातून त्यांना दिसेल, त्यामुळं तो दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. व्याकरण तपासून घ्यायला हरकत नाही.

आता उत्तरच आलं नाही तर. निळ्या खुणा दिसल्या आणि चार दिवस काही नाही, यावरून काहीही ठरवू नका. लोक मेसेज वाचतात, "निवांत लिहू" म्हणतात आणि तो खाली जातो. दहा-बारा दिवस जाऊ द्या आणि एकच ओळ टाका: "सर, मागचा मेसेज गडबडीत राहिला असेल, तुमच्या सोयीनं बघा." त्यानंतरही काही आलं नाही तर तिथं थांबा. तिसरा मेसेज नको, ग्रुपवर त्यांचं नाव घेऊन हाक मारणं नको, आणि घरच्यांकडून आठवण करून देणं तर नकोच. दुसरी एखादी जुनी ओळख शोधा. युनिट सोडून गेलेली आणखी माणसं असतील, कुणी तपासणीच्या एजन्सीत असेल, कुणी दुसऱ्या एक्सपोर्ट हाउसला.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि त्यांवर बरंच ठरतं. ते सर युनिट सोडताना मालकांशी वाद होऊन गेले असतील, तर आठवण निवडताना युनिटचा फारसा उल्लेख नको, फक्त तुमचं आणि त्यांचं काम येऊ द्या. त्या वादात तुम्ही मालकांच्या बाजूनं काही बोलला असाल, तर आधी त्याबद्दल वेगळं आणि स्पष्ट बोलावं लागेल, नोकरीचा विषय त्या वेळी काढायचाच नाही. आणि ते वयानं बरेच मोठे असून मेसेजपेक्षा फोनच घेणारे असतील, तर "सर, पाच मिनिटं कधी फोन करू" एवढा मेसेज टाकून हेच सगळं तोंडी बोला. क्रम तोच ठेवा.

ओळख झाली, इंटरव्ह्यू झाला, की निकाल काहीही लागो, सरांना तुमच्याकडून पहिल्यांदा कळायला हवं. निवड झाली नाही तर ते लगेच कळवा आणि तिथल्या लोकांनी काय कमी आहे म्हटलं तेही सांगा, कारण त्यांनी शब्द टाकलेला असतो आणि त्यांनाही त्या माणसाशी पुढं बोलायचं असतं. निवड झाली आणि पगार, फिरती किंवा घरच्या कारणानं तुम्ही जागा नाकारणार असाल, तर तिकडं नकार कळवण्याआधी सरांना फोन करा.